डाल्यातून दिसणाऱ्या पाट्या

वच्छलाकाकीला दुकानदारानं साखर तोलून दिली, तर ती आधी तराजूच्या पारड्याखालून हात फिरवायची. डॉक्टरनं गोळी दिली तर विचारायची, स्वतः खाता का ही? चिचगडच्या आमच्या टोलीत असा एक माणूस नाही ज्याच्यावर तिनं शक घेतला नाही. नवरा होता तेव्हा त्याच्यावर, तो गेल्यावर दिरावर, आणि त्या पौषात माझ्यावर. मी लखन, पिकअप चालवतो, आणि मला राग लवकर येतो. आमचं दोघांचं कसं जमणार होतं बाप्पा.

दरसाल धान निघालं की आमच्याकडच्या बाया तेलंगणात मिरची तोडायला जातात. त्या साली काकीची पोरगी खुशबू टिकाराम मुकादमाच्या टोळीत गेली होती. टिकाराम माझा सख्खा मेहुणा, बहिणीचा नवरा. पंधरा-वीस दिवसांनी खुशबूचा फोन आला, की ताप उतरतच नाही, उभं राहिलं की डोळ्यापुढे अंधारी येते, टोळी दुसऱ्या वावरात गेली आणि मी इथं एकटीच मागे राहिले. गावाचं नाव तिला नीट सांगता येईना. मग तिनं एका पाटीचा फोटो पाठवला आणि म्हणाली, आई, मी या पाटीजवळ आहे, लवकर ये. त्यानंतर तिचा फोन बंद झाला, आणि टिकारामचाही लागेना.

काकी फोन घेऊन माझ्या दारात आली. मला त्याच दिवशी आठ बाया सिरोंचाला पोचवायच्या होत्या. तिथून पूल ओलांडला की तेलंगणच. मी म्हटलं, चल, तुझ्या पोरीला घेऊनच येऊ. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच पोरीला लपवून ठेवलं होतं. साळ्यानं नेली आणि भाटवा आणायला निघाला, असं ती शेजारणीला ऐकू येईल एवढ्या आवाजात म्हणाली. नातं उलटंसुलटं केलं होतं, साळा मी आणि भाटवा तो, पण बोलणं बरोबर लागलं.

फोटोतल्या पाटीवर तीन ओळी होत्या, तिन्ही तेलुगूत. वरच्या नावापुढे 4, मधल्यापुढे 11, खालच्यापुढे 38. देवरीत मोबाईलच्या दुकानात फोनलाच ती अक्षरं वाचायला लावली. वरचं नाव रामन्नगुडेम निघालं. नकाशात त्या नावाची गावं पाचसहा होती, पण खालची दोन नावं, एक गाव आणि एक तालुका, जवळ असलेलं एकच. मला वाटलं, झालं काम. दुकानदारालाही तसंच वाटलं. काकीनं मात्र दुकानदाराला विचारलं की तू टिकारामला ओळखतोस का.

केबिनमध्ये माझ्या बाजूची सीट रिकामी होती. काकी बसली नाही. मागे डाल्यात, माल भरायच्या उघड्या भागात बसली, केबिनला पाठ टेकून, तोंड मागच्या रस्त्याकडे. आत बसलं तर ड्रायव्हर दाखवेल तेवढंच दिसते, असं तिचं म्हणणं. सिरोंचाला बाकीच्या बाया उतरल्या, आम्ही तिथंच ढाब्यावर रात्र काढली, सकाळी अख्खा डाला रिकामा होता, तरी ही तिथंच. थंडीनं कुडकुडत होती, पण हलली नाही.

गोदावरी ओलांडली आणि पाट्या बदलल्या. मोठ्या हायवेवर तेलुगूखाली इंग्रजी असते, कुठंकुठं हिंदीही असते, त्यामुळे निभावतं. आम्ही आतल्या रस्त्याला लागलो तशी ती सोय संपली. किलोमीटरच्या दगडांची डोकी पिवळ्याची हिरवी झाली, म्हणजे राज्य सरकारचा रस्ता, आणि अक्षरं नुसती तेलुगू. आमच्याकडे त्यांना जिलेबी म्हणतात. माझ्या फोनला रेंज नव्हती. मी इतकी वर्षं त्या बाजूला जातो, मला एकच गोष्ट कळते, की आपल्या अक्षरावरच्या टिंबाचा तिकडे भोपळा होतो. नावाच्या शेवटी अख्खं गोल शून्य दिसलं की ते नाव म वर संपते. पण तिकडच्या अर्ध्या गावांची नावं म वरच संपतात, त्यामुळे नुसत्या भोपळ्यावर भरवसा ठेवला की फसलाच समजा. मी फोटो माझ्याही फोनवर घेऊन पुढ्यात ठेवला होता. फाटा आला की गाडी थांबवायची आणि पाटीवरचं पहिलं अक्षर फोटोतल्या पहिल्या अक्षराशी लावून पाहायचं. आकडे तेवढे मोबाईलवरचेच, ते काकीलाही वाचता येत.

तेच नडलं. तालुक्याचं गाव मागे टाकून थोडं गेलो, तर केबिनवर धाडधाड हात बसायला लागले. मी गाडी उभी केली. काकी म्हणाली की तू मला दूर नेऊन राहिला. मी म्हटलं, काऊन? तर म्हणे, मघा दगडावर नऊ होते, मग बारा झाले, आता सोळा. जवळ जायचं तर आकडा कमी व्हायला पाहिजे. म्हंजे तू मला फिरवून राहिला.

माझं डोकंच सणकलं. माझ्या समोरच्या पाटीवर रामन्नगुडेम एकोणीसवर आलं होतं आणि घटत चाललं होतं, आणि ही म्हणते वाढते. मी तिला चार शब्द सुनावले, ते इथं सांगत नाही. तिनं मला आठ सुनावले. मग मी तिचा हात धरून पुढच्या दगडाजवळ नेलं, आणि तिथं मलाच उमगलं. दगडाला दोन्हीकडून अक्षरं असतात. जाणाऱ्याला एक तोंड दिसते, येणाऱ्याला दुसरं. मला दिसत होतं ते पुढचं गाव. तिला डाल्यातून दिसत होतं ते मागचं गाव, जे आम्ही सोडून चाललो होतो, आणि ते वाढणारच. मी तिला दोन्ही बाजू दाखवल्या. ती दगडाभोवती दोनदा फिरली. रंग ओला नाही ना, म्हणून बोट लावून पाहिलं. मग पुन्हा डाल्यात जाऊन बसली, तोंड मागेच.

पुढे रामन्नगुडेम आलं. वेशीवर एकट्या नावाची पाटी होती, फोटोतलं वरचंच नाव, अक्षरागणिक तेच. मी मनातून खूश झालो आणि उगाच हॉर्न वाजवला. पण गावात खुशबू नव्हती. मिरची वाळत पडली होती, सगळीकडे लाल लाल, श्वास घेतला की ठसका. फोटो दाखवला की माणसं मान हलवत आणि पायाखालची जमीन दाखवत, इदे, इदे. म्हणजे हेच गाव. खुशबूचा फोटो दाखवला की डोकी नाही म्हणत. दवाखान्यात पाहिलं, शाळेमागच्या मजुरांच्या झोपड्या पाहिल्या. आमच्याकडची एकही बाई नव्हती.

काकी माझ्यासमोर येऊन उभी राहिली. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती हळू बोलली.

"लखन, खरं सांग. माही पोरगी कोठी विकली तुमी दोघा मेहुण्यायनं?"

राग यायला पाहिजे होता, तो आला नाही. कारण त्या घडीला माझाही टिकारामवर शक होता. त्यानं पोरीला कुठं सोडलं, फोन का लागत नाही, हे प्रश्न मला घरापासून टोचत होते आणि मी ते मेहुणा म्हणून दाबत आलो होतो. मी एवढंच म्हटलं की काकी, मले मालूम नाही. तिला ते खोटं वाटलं असेल, की पहिल्यांदाच खरं वाटलं, कोणास ठाऊक.

ती गाडीच्या चाकाला टेकून खाली बसली आणि फोन मांडीवर घेतला. वेशीवरच्या पाटीकडे पाही, फोटोकडे पाही, पुन्हा पाटीकडे. मला वाटलं, आता रडते. पण तिनं फोन माझ्या नाकापुढे धरला.

"याच्यावर चार काऊन लिवला हाये? त्या वेशीवर तं काईच आकडा नाई. गाव आपल्याच गावापासून चार किलोमीटर कसा राईन?"

मी फोटो पाहत राहिलो. आम्ही सगळ्यांनी नाव वाचलं होतं, आकडा कोणीच वाचला नव्हता. खुशबू म्हणाली होती, या पाटीजवळ आहे. या गावात आहे असं ती म्हणालीच नव्हती. पाटीवरचं नाव म्हणजे रस्ता कुठं जाते ते, पोरगी कुठं आहे ते नाही. पोरगी तिथं होती जिथून रामन्नगुडेम चार, मधलं गाव अकरा आणि तालुका अडतीस. तालुका आणि मधलं गाव तर आमच्या मागे पडलं होतं. म्हणजे ती पाटी पुढे असणार, चार किलोमीटर, आणि तोंड आमच्याकडे नाही, समोरून येणाऱ्याकडे असणार.

मी म्हटलं, काकी, मला त्या पाटीची नुसती पाठ दिसेल. तू मागे तोंड करून बस, आणि दिसली की ठोक.

असं मी तिला म्हणेन हे मला सकाळी कोणी सांगितलं असतं तर मी हसलो असतो. गाडी सावकाश हाकली. डावीकडे मिरचीचं वावर, उजवीकडे कापसाच्या पळाट्या. एका पाटीची पाठ गेली, करडी, कोरी. मागून आवाज नाही. दुसरी गेली. तरी आवाज नाही. मला आपली भीती वाटायला लागली, की आता ठोकलंच नाही तर हिला काय तोंड दाखवू. तिसरी पाठ मागे पडली आणि केबिनवर असा हात बसला की काच हलली.

मी उतरेपर्यंत काकी डाल्यातून उडी मारून रस्त्यापार गेली होती. पाटीखालून पायवाट होती, पुढे ताडपत्रीची खोपडी. खुशबू आत गोणपाटावर पडली होती, गाल आत गेलेले, डोळे लाल. वावरमालकाची म्हातारी आई उशाशी बसून तिला पेज पाजत होती. फोन चार्ज करायला तिथं वीज नव्हती. टिकारामनं टोळी नदीपलीकडे नेली होती आणि आजारी पोरीला म्हातारीच्या भरवशावर सोडून मोकळा झाला होता. विकलं नव्हतं, पण मी घरी गेल्यावर त्याच्याशी जे बोललो ते मेहुण्याला बोलत नाहीत.

काकीनं पोरीच्या कपाळाला हात लावला. मग म्हातारीच्या हातातली वाटी घेतली, आधी वास घेतला, एक घोट स्वतः प्याली. तेव्हा कुठं तिचे डोळे भरले. वाटी तिनं म्हातारीला परत दिली आणि पोरीला तिच्याच हातून पाजू दिलं. एवढा विश्वास टाकताना मी तिला आधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही.

निघताना मी म्हटलं, आता तरी पोरीला घेऊन केबिनमध्ये बस. ती नाही म्हणाली. पोरगी आडवी राहायला पाहिजे. डाल्यात पोती अंथरली, खुशबूचं डोकं मांडीवर घेतलं, आणि पुन्हा तोंड मागेच.

तालुक्यात डॉक्टरनं सुई दिली, गोळ्या दिल्या. स्वतः खाता का, हे काकीनं त्याला मराठीत विचारलं. मग आम्ही गोदावरीची वाट धरली. एकदाही केबिनवर हात बसला नाही, आणि मला सवय झाली होती, त्यामुळे उलट जिवाला घोर लागला. मी एका दगडापाशी गाडी थांबवून मागे गेलो. पोरगी झोपली होती. काकी त्या दगडाकडे पाहत होती, जिथं मागे पडलेल्या गावाचं अंतर लिहिलं होतं.

"थांबला काऊन गा?" ती म्हणाली. "वाढू दे ना आकडा."