तीन फोनांतली मरळ

आम्ही दोघी होतो. ती चित्रं काढायची, मी कोड लिहायचे. पाथर्डी फाट्याजवळच्या एका सोसायटीत तळमजल्यावरची खोली भाड्याने घेऊन आम्ही मोबाइलसाठी एक खेळ बनवत होतो. नदीकाठचं गाव, भाजीचे वाफे, आठवड्याचा बाजार असा सगळा निवांत मामला. त्यात एक छोटा खेळ हवा होता, मासेमारीचा. तो मी करायला घेतला आणि पुढचे कित्येक आठवडे आमच्या दोघींचं जेवण, बोलणं, भांडण त्याच्याच भोवती फिरत राहिलं.

मला मासेमारीतलं ओ की ठो कळत नव्हतं. तिला कळत होतं. तिचे वडील इगतपुरीला रेल्वेत होते. सुट्टीच्या दिवशी ते गळ घेऊन धरणावर जायचे आणि ही लहानपणापासून त्यांच्या शेजारी बसलेली. कुठला मासा आमिषाला कसा तोंड लावतो, हे ती डोळे मिटून सांगायची.

खेळ साधाच ठरला. गळ पाण्यात टाकायचा. वर तरंगणारं बूच बुडालं की पटकन बोट टेकवायचं. उशीर झाला की मासा आमिष खाऊन पसार. मासा लागला की मग बोट दाबून ठेवायचं. तसं केलं की दोरी गुंडाळली जाते, मासा जवळ येतो, पण दोरीवरचा ताणही वाढतो. बोट उचललं की ताण उतरतो. ताण दाखवायला कडेला एक उभी पट्टी. पट्टी वरच्या लाल टोकाला गेली तर दोरी तुटते, आणि फार वेळ तळाला राहिली तर दोरी ढिली पडून गळ माशाच्या तोंडातून सुटतो. ओढायचं, सोडायचं, पुन्हा ओढायचं.

पहिला नमुना मी मोठ्या अभिमानाने तिला दाखवला. चार मासे होते. मोठा मासा जास्त जोर लावायचा, लहान कमी. तिने चारही पकडले आणि फोन खाली ठेवला.

"हा एकच मासा आहे," ती म्हणाली. "चार वेळा कपडे बदलून आलाय."

मला राग आला, पण ती खरं बोलत होती. मग आम्ही एकेक मासा घेऊन बसलो. ती हाताने करून दाखवायची, मी लिहून काढायचे. चिलापी आधी नुसती टोचते. बूच दोन-तीनदा थरथरतं, आणि त्याला भुलून कोणी ओढलं की गळ रिकामा. खरं बुडेपर्यंत थांबायचं. रोहू घाई करत नाही. बूच हळूच तिरकं सरकतं, आणि एकदा लागला की लांब, एकसारखा पळतो. तो पळताना सोडत राहायचं आणि दमला की ओढायचं. मरळ मात्र एकदम झडप घालते. बूच दिसेनासंच होतं, बोट टेकवायला जेमतेम क्षण मिळतो. मग ती छोटे छोटे जोरदार हिसके देत पाणवनस्पतींकडे धावते आणि तिथे शिरली की संपलं. आणि वाम? ती पळतच नाही. ती तळाला दगडात अंग अडकवून बसते. जोर लावाल तर दोरी तुटते. थोडं ढिलं सोडून ती बाहेर येईपर्यंत धीर धरावा लागतो.

प्रत्येक माशाला मी तीन-चार अवस्था दिल्या: आराम, पळ, हिसका, दडणं. एका अवस्थेतून दुसरीत कधी जायचं, ते माशामाशाचं वेगळं. त्या दिवसांत मला कामाचा जेवढा आनंद मिळाला तेवढा पूर्वी क्वचितच मिळाला असेल. बूच कसं हललं त्यावरून कुठला मासा आहे ते आता ओळखता यायचं.

आणि तिथूनच बिनसलं.

"मरळ येतच नाही," एके सकाळी ती म्हणाली. "बोट ठेवलं की दोरी तुटते. बोट उचललं की लगेच ढिली."

"मला तर येते," मी म्हणाले आणि तिच्यासमोर दोन मरळी पकडून दाखवल्या.

"तू बनवलीयेस म्हणून येते तुला."

तिच्यासाठी मी ताण थोडा कमी केला. मग मला खेळ मिळमिळीत वाटायला लागला, म्हणून काही दिवसांनी गुपचूप पुन्हा वाढवला. तिला ते लगेच कळलं. तीही मग ते आकडे बदलायला शिकली. सकाळी मी खोलीत यावं तर मरळ मांजरासारखी गरीब झालेली. संध्याकाळी ती घरी जाईपर्यंत मी त्या मरळीला पुन्हा वाघीण केलेलं असायचं. आम्ही तोंडाने फारसं बोलत नव्हतो. आकड्यांनीच भांडत होतो.

एकदा ती म्हणाली, "संध्याकाळी जरा नरम पडतात गं तुझे मासे." मला वाटलं, टोमणा आहे.

त्यातच तिने तो खेळ वडिलांच्या फोनवर घालून दिला. त्यांनी मला फोन केला. "बेटा, राग मानू नको," ते म्हणाले, "पण हा मासा जिता नाय. दोरीला वजनच येत नाय. नुसतं ओढत राहायचं, की आला बाहेर."

मी हसून विषय बदलला. आयुष्यभर धरणावर गळ टाकलेल्या माणसाला खेळ सोपा वाटणारच, असं मी धरून चालले. मुलीला अवघड आणि बापाला सोपा; मला वाटलं, हे त्यांच्या घरातलं काहीतरी आहे.

पुण्यातल्या एका कंपनीने आमचा खेळ बाजारात आणण्यात रस दाखवला होता. त्यांना दाखवायचा दिवस जवळ आला. त्याच्या आदल्या आठवड्यात ती सरळ म्हणाली, "मासेमारी काढून टाकू या. मला स्वतःला खेळवत नाही ती. मी दुसऱ्याला कुठल्या तोंडाने दाखवू?"

"काढली तर मी पण बाजूला होते," मी म्हणाले. म्हणायचं नव्हतं, तोंडातून निघून गेलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही डबे उघडून गप्प जेवत होतो. तिचा फोन चार्जिंगला लावलेला होता. जेवण झाल्यावर सवयीने तिने माझा फोन उचलला आणि खेळ उघडला. मी हात धुवून आले तर ती फोनकडे बघत होती.

"तू पुन्हा सोपं केलंस?"

"नाही. कालपासून हातसुद्धा लावलेला नाही."

"मग ही मरळ कशी आली मला? पहिल्याच झटक्यात?"

मी तिचा फोन चार्जरवरून काढला. तोच खेळ, तीच प्रत. गळ टाकला, मरळ लागली, बोट ठेवलं आणि फट्. दोरी तुटली. पुन्हा केलं, पुन्हा तुटली. तिसऱ्या वेळी हिसक्याला घाबरून मी बोट उचललं, तर पट्टी धपकन तळाला गेली आणि मासा सुटला. तिने महिनाभर जे सांगितलं होतं ते शब्दशः माझ्या हातात घडत होतं.

आम्ही दोन्ही फोन टेबलावर शेजारी शेजारी ठेवले आणि दोघींनी एकदम बोटं टेकवली. माझी पट्टी निम्म्यावर होती तेव्हा तिची लाल टोकाला पोचली होती.

"दुप्पट," ती म्हणाली.

ते ऐकल्यावर माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. माझा फोन पडद्यावरचं चित्र सेकंदाला साठ वेळा बदलतो. तिचा नवा फोन एकशेवीस वेळा. आणि ताण वाढवायची ओळ मी अगदी पहिल्या दिवशी, नुसतं करून बघायला म्हणून लिहिली होती: दर चित्रामागे ताण इतका वाढव, नाहीतर इतका कमी कर. बाकी सगळं, म्हणजे बूच बुडण्याचा वेळ, माशांचं पळणं, दोरीचं गुंडाळणं, मी नंतर नीट सेकंदांच्या हिशेबाने लिहिलं. तेवढी एक ओळ मागे राहिली. म्हणून तिच्या फोनवर मासा माझ्याच वेगाने पळायचा, पण ताण दुपटीने चढायचा आणि दुपटीने उतरायचा.

"आणि संध्याकाळी?" तिने विचारलं.

"संध्याकाळी तुझी बॅटरी संपत आलेली असते. फोन स्वतःच बचत करतो आणि साठवर येतो."

ती खुर्चीत मागे टेकली. "म्हणजे मला भास होत नव्हता. खरंच नरम पडायचे."

"आणि काकांचा फोन जुना," मी म्हणाले. "तो अडखळत कसाबसा तीस चित्रं दाखवत असेल. ताण चढायच्या आत मासा काठाला."

आम्ही एकमेकींकडे बघितलं आणि हसू फुटलं. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं, माझ्याही आलं. इतके दिवस मला वाटत होतं की तिला माझं काम आवडेनासं झालंय. तिला वाटत होतं की तिचं म्हणणं मी ऐकूनच घेत नाही. आणि आम्ही दोघी भांडत होतो ते दोन वेगवेगळ्या खेळांवरून.

दुरुस्ती छोटीशीच होती. मागच्या चित्रापासून जितका वेळ गेला, त्या प्रमाणात ताण बदलायचा. जुना आकडा साठने गुणला की सेकंदाचा हिशेब जुळला. तेवढ्यात तिला कोणाचा तरी फोन आला. बोलून ती खेळात परतली आणि दोरी तत्काळ तुटली. फोनवर बोलण्यात गेलेला सगळा वेळ खेळाने एकाच दमात मोजला होता. आता मात्र आम्ही चिडलो नाही. एका वेळी किती वेळ मोजायचा, याला मर्यादा घातली आणि तोही प्रश्न मिटला.

मग दोघींनी मिळून, दोन्ही फोन हातात घेऊन, मरळ नव्याने ठरवली. मला हवी होती त्याहून ती जरा सौम्य झाली आणि तिला हवी होती त्याहून जरा तिखट. नवी प्रत तिने वडिलांनाही पाठवली. संध्याकाळी त्यांचा फोन आला. त्यांच्या हातून मरळ निसटली होती.

"आता लय ओढते बरं का," ते म्हणाले. इतकं खुशीत कोणी हरलेलं मी बघितलं नव्हतं.

पुण्याच्या कंपनीतल्या बाईंनी व्हिडिओ कॉलवर आमच्यासमोरच खेळून बघितलं. भाजीच्या वाफ्यांवरून त्या भराभर पुढे गेल्या. नदीवर मात्र थांबल्या. वाम दगडात अडकली, त्यांनी जोर लावला, दोरी तुटली. "अरे!" असं म्हणून त्यांनी न विचारताच पुन्हा गळ टाकला. पुन्हा तुटली. तिसऱ्या खेपेला त्यांनी बोट उचललं आणि वाट बघितली. टेबलाखाली माझ्या मैत्रिणीने माझा हात घट्ट धरला होता. वाम हळूच बाहेर सरकली, आणि बाई लहान मुलीसारख्या ओरडल्या.

कंपनीने काय ठरवलं ते नंतर रीतसर कळवण्यात आलं आणि ते चांगलंच होतं. पण कॉल बंद झाला तेव्हाच माझ्या खांद्यांवरचं ओझं उतरलं होतं. ती म्हणाली, "चल, बाहेर पडू." भर दुपार होती, फाट्यावर ऊन तापलं होतं. रसवंतीच्या सावलीत आम्ही उसाचा रस घेतला, आणि कामाबद्दल एक अक्षरही न बोलता बराच वेळ तिथेच बसून राहिलो.