टेलरबाईंचा उतार

टेलरबाई माझ्या ऑफिसात आल्या, तेव्हा कंत्राटदार त्यांच्या नव्या घराचं काम अर्धवट टाकून गेला होता आणि त्या अजून त्याची वाट पाहत होत्या. भिंती उभ्या, वर स्लॅब, दारांच्या जागी नुसती भोकं. मी वकील, गोड बोलणं मला जमत नाही. म्हटलं, बाई, हातावर हात ठेवून बसलात, तर त्यामुळे वाढलेला खर्च कोर्ट त्याच्या माथी मारणार नाही.

करारात प्रत्येक दाराचं माप बाईंनी स्वतःच्या टेपने घेतलेलं होतं. त्यांचे यजमान चाकाच्या खुर्चीत, म्हणून दारं रुंद आणि पायऱ्यांऐवजी उतार. भाड्याच्या वरच्या मजल्यावरून ते खाली उतरूच शकत नव्हते.

काम पुन्हा सुरू करण्यासाठी मुदत देणारी नोटीस धाडली. कंत्राटदाराने ढुंकूनही पाहिलं नाही. मुदत संपायच्या आत यजमान त्याच वरच्या खोलीत वारले.

बाई यायच्या बंद झाल्या. शेवटी मीच त्यांच्याकडे गेलो. मशीनवर कापड तसंच पडलेलं, शेजारी रिकामी खुर्ची. मला फार वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की मी कामाचंच बोलतो. करार रद्द केल्याचं कळवू, आधी इंजिनिअरकडून झालेल्या कामाची पाहणी आणि फोटो, मग दुसरा माणूस लावून घर पुरं करा, असं सांगितलं. कराराच्या रकमेतली न दिलेली बाकी वजा जाता जो जास्तीचा खर्च येईल, तो मागता येईल. उशिरामुळे भरावं लागलेलं भाडंही, पण वाजवी काळापुरतंच.

"आणि ते गेले त्याचं?" बाईंनी विचारलं.

"त्याचं काही मिळत नाही, बाई."

उतार आता वगळायचा का, हेही विचारावं लागलं. बांधायचाच नसेल, तर त्याचा खर्च मागण्यात अर्थ नव्हता. बाई म्हणाल्या, बांधायचा. बांधलाही.

कोर्टात समोरच्या वकिलाने नेमकं तेच धरलं: माणूसच नाही, तर उतार कुणासाठी? मी उठणार होतो, पण बाईच बोलल्या.

"तुमच्या माणसाने तो बांधायचं कबूल केलं होतं, तेव्हा हे होते."

निकाल आमच्या बाजूने लागला. उतारासकट जास्तीचा खर्च, काही महिन्यांचं भाडं आणि व्याज. दुःखाच्या नावाने एक पैसा नाही, हे मी आधीच सांगितलं होतं.

निकालाची प्रत द्यायला नव्या घरी गेलो. बाई बाजारातून येत होत्या. पिशवी त्यांनी मनगटाला अडकवली होती आणि दोन्ही हात किंचित पुढे धरून त्या उतार चढत होत्या. मला पाहून ओशाळल्या.

"रोज असंच होतं," त्या म्हणाल्या. "हात आपोआप ढकलायला जातात."