माझा मान, माझी मान

बायकोला लकवा मारला आणि तिची उजवी बाजू गेली. ती घरी ब्लाऊज शिवायची. हिंगणघाटातल्या आमच्या गल्लीत बायका माप द्यायला यायच्या आणि तासभर बसायच्या, कारण ती बोलायची छान. दिवाळीपर्यंत ती भिंत धरून चालू लागली. बोलणं मात्र परत आलं नाही. सुटे शब्द यायचे, पाणी, चहा, लाइट. एकाला दुसरा जोडता यायचा नाही.

दर आठवड्याला मी तिला बसनं वर्ध्याला न्यायचो. तिथल्या दवाखान्यात स्पीच थेरपीच्या मॅडम होत्या. त्या स्वतःच्या अंगाकडे बोट दाखवायच्या आणि बायकोनं आपल्या अंगावर त्याच जागी बोट ठेवून माझा, माझी, माझं लावून म्हणायचं. हाताला ती म्हणाली, "माझा हात." मला वाटलं, चला, सुरू झालं. मग मॅडमनी मानेवर बोट ठेवलं. बायको म्हणाली, "माझा मान." नाकालाही "माझा नाक."

मान-सन्मानातला मान म्हटला तर माझा मान बरोबरच. पण तिचं बोट गळ्यामागे होतं, आणि चुकलं हे तिला कळलं होतं. तिनं जोरात डोकं हलवलं. पुन्हा म्हणाली, "माझा मान." पुन्हा डोकं हलवलं.

नंतर मॅडमनी मुद्दाम चुकीचं म्हणून दाखवलं. माझी हात, माझं मान. प्रत्येक वेळी बायकोनं हातानं नाही म्हटलं. "माझी मान" म्हणताच तिनं होकार दिला. एकदाही चुकली नाही. मॅडमनी मला बाहेर बोलावून सांगितलं की ऐकताना तिला सगळं कळतं, बोलताना जोडता येत नाही. मी विचारलं, बाई माणूस आहे, मग निदान माझी-माझी तरी का येत नाही? त्या म्हणाल्या, बोलणारा कोण हे त्यात कुठे असतं काका? तुम्हीसुद्धा माझी मानच म्हणता. वस्तू जशी, तसा शब्द वळतो. तेच वळवणं गेलंय त्यांचं.

साठी उलटली होती माझी, पण हे कधी लक्षात आलं नव्हतं. मी तिला माझी बायको म्हणायचो, ती मला माझा नवरा. कोणी शिकवलं नव्हतं.

घरी मी रोज सराव घेत होतो. जेवायला बसलो की माझा भात, माझी पोळी, माझं वरण. माझ्यामागून म्हणताना बरोबर यायचं. मी गप्प बसलो की पुन्हा तिन्हींना माझा. ती माहेरची रोहण्याची, म्हणून मला एक सुचलं. मी तिच्या गावच्या बोलीत सुरू केलं, माहा भात, माही पोळी, माहं वरण. एका दुपारी ती आपणहून म्हणाली, "माही माय." तिची आई जाऊन किती वर्षं झाली होती. मला इतका आनंद झाला की मी लगेच मुलीला फोन केला.

मुलगी पुण्याहून रजा काढून आली. बायकोनं सकाळीच नवं पातळ नेसवून घेतलं. मुलगी दारात दिसली तशी तिनं शेजारणीला हाक मारली, मुलीचा हात धरला आणि म्हणाली, "माहा पोरगी."

बायकोनं स्वतःच ऐकलं होतं. तिनं पुन्हा सुरुवात केली. माहा. थांबली. माझा. ओठ आवळले, डोळे मिटले, परत माझा. मुलीनं तिला जवळ घेतलं.

"आई, राहू दे. समजते ना आमाले."

बायकोनं तिला ढकललं. डाव्या हातानं आपल्या तोंडावर मारलं, एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा मी हात धरला.

मुलगी गेल्यावर मी ताटावर बसून म्हणालो, "माहा भात." तिनं घास घेतला आणि भिंतीकडे पाहिलं. सुटे शब्दसुद्धा तिनं सोडले. तहान लागली की माठाकडे बोट दाखवते. सुरुवातीला मी मुद्दाम कळलं नाही असं दाखवायचो, म्हणजे तरी बोलेल. ती तहानलेलीच बसून राहायची. शेवटी मीच उठायचो.

वर्ध्याला आणखी काही वेळा गेलो. मॅडम बोट दाखवायच्या, ती तोंड मिटून समोर बघायची. पुढे मॅडमच म्हणाल्या, इतक्या दुरून त्यांना आणू नका, मन झालं तर या.

मन झालं नाही. माप द्यायला आता कोणी येत नाही. शेजारीण मला म्हणते, वहिनी किती शांत झाल्या. मी हो म्हणतो. घरात मीही फारसं बोलत नाही. बोललो की तिच्या डोळ्यांत दिसतं, ती प्रत्येक शब्द तपासते आहे आणि माझे सगळे बरोबर येतात.