गंजी पेटवणाऱ्याचं मन

एम.ए. होऊन मला सहाच महिने झाले होते, म्हणजे आयुष्यात सगळ्यात जास्त कळत होतं तो काळ. साठीच्या दशकातली गोष्ट. आमचा भाग तेव्हा धुळे जिल्ह्यात होता आणि मी धुळ्याच्या एका कॉलेजात मानसशास्त्र शिकवत होतो. होळीच्या सुट्टीत ब्राह्मणपुरीला घरी आलो होतो. माझ्या काकांनी शहाद्याच्या बाजारात सांगून ठेवलेलं, आमचा पुतण्या माणसाच्या मनातलं वाचतो. ही बातमी अक्कलकुव्याच्या फौजदारापर्यंत पोचली आणि तिसऱ्या दिवशी दारात पोलिसांची जीप उभी राहिली. आईला वाटलं मला पकडायलाच आले. पुढचं पाहता तसं झालं असतं तर बरं होतं.

अक्कलकुव्यात एका शेठची गवताची वखार होती. डोंगरातून गवत यायचं, तिथे घराएवढाल्या गंज्या रचायचे. वीस दिवसांत तीन गंज्या जळाल्या होत्या. फौजदार साताऱ्याकडचा, नुकताच बदलून आलेला. त्याने मला खुर्ची दिली, चहा दिला आणि विचारलं, हे करणाऱ्याचं मन कसं असेल?

“मला थोडं बघावं लागेल,” एवढं म्हणून गप्प बसलो असतो तर आज हे लिहावं लागलं नसतं. पण नाही! मी जळक्या राखेभोवती दोन फेऱ्या मारल्या, हनुवटी खाजवली आणि कागद मागवला. हा इसम एकलकोंडा असणार. अपमान मनात धरणारा. बायकांपासून दूर राहणारा. अंगाच्या स्वच्छतेकडे लक्ष नसलेला. नीट अंथरुणावर न झोपणारा. साहेबाच्या नजरेला नजर न देणारा. आणि आग बघायला स्वतः हजर राहणारा. सात कलमं, खाली माझी सही आणि सहीपुढे एम.ए.!

दुसऱ्या दिवशी दुपारी फौजदाराने मला बोलावून घेतलं. माणूस सापडला होता. वखारीतलाच गंज्या रचणारा एक भिल्ल. सातही कलमं जशीच्या तशी लागू. अंगाला आठवडाभर पाणी नाही, जमिनीवर झोपतो, बायकोच्या हातचं खात नाही, चार शब्दांवर बोलत नाही. चौकीतल्या बाकावर बस म्हटलं तरी बसत नव्हता, भिंतीशी उकिडवा होता. मी फौजदाराच्या कानात म्हणालो, “बघा, अधिकाराला विरोध.” काय छाती फुगली होती माझी, आठवलं की लाज वाटते.

वर त्याने जबानीत सांगितलं होतं की तिसरी गंजी जळायच्या आदल्या दिवशी आतून गरम लागत होती, हात घातला तर पोळला. मी टाळीच वाजवली. हे फक्त आग लावणाऱ्यालाच ठाऊक असणार! फौजदाराने दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला मॅजिस्ट्रेटपुढे उभं करून धुळ्याच्या जेलात पाठवायचं ठरवलं.

चौकीत एक म्हातारा हवालदार होता, इथलाच. तो इतका वेळ माझा कागद हातात घेऊन वाचत बसला होता. तो अदबीने पुढे आला आणि म्हणाला, “सायेब, हाई तं मन्हंच वर्णन शे.”

आम्ही हसलो. तो हसला नाही. एकेक कलमावर बोट ठेवून सांगू लागला. बायको गावाला, वर्षातून दोनदा भेट. विहीर आटलेली, त्यामुळे अंघोळ जमेल तेव्हा. झोप चौकीच्या फरशीवर. बढती हुकली त्याचा राग अजून पोटात. साहेबाकडे मान वर करून बघायची सोय नाही. आणि तिन्ही आगींना तो हजर, ड्युटीच होती. फौजदाराने कागद हिसकावून घेतला, वाचता वाचता त्याचा चेहरा पडला. बदलीच्या जागी एकटा राहणारा, वरिष्ठांवर डूख धरलेला माणूस तोही होताच. मी मनातल्या मनात स्वतःला लावून पाहिलं. मलाही बसलं, अंघोळीसकट.

मग मी हवालदाराला विचारलं, हा माणूस तरी असा का राहतो? त्याने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू मी कुठल्या विलायतेतून आलोय. डोंगरातल्या काठी गावची होळी उद्या. नवस बोललेला बाप्या होळीआधी अंघोळ करत नाही, खाटेवर-बाकावर बसत नाही, बायकोपासून लांब राहतो. मग अंगावर राखेचे ठिपके आणि कमरेला घुंगरं बांधून होळीला नाचतो, तेव्हा नवस फिटतो. याच्या पोराचा ताप उतरत नव्हता म्हणून हा नवस. सकाळी धुळ्याला गेला की मोडला.

लहानपणापासून हे नवसवाले बाजारात बघत आलो होतो मी! पुस्तकं वाचताना तेवढं नेमकं विसरलो. आधी का नाही सांगितलं, असं फौजदाराने हवालदाराला दरडावलं. तो म्हणाला, कोणी विचारलंच नाही.

मी फौजदाराला हात जोडून सांगितलं की हा कागद फाडा. आमचं शास्त्र फार तर एवढं म्हणू शकतं की पकडल्या गेलेल्या आग लावणाऱ्यांत अमुक गोष्ट जरा जास्त दिसते. त्यावरून हाच तो, असं म्हणता येत नाही, आणि कोर्टात तो पुरावाही नाही. फौजदार चिडला. मग आग लावली कोणी?

तेव्हा कुठे आम्ही त्या भिल्लाला पहिल्यांदा नीट विचारलं. तो म्हणाला, मावठ्यात भिजलेलं गवत शेठने घाईने रचायला लावलं. ओलं गवत दाबलं की पोटात तापतं. त्याने शेठला सांगितलं होतं. चौथीही तापली आहे.

सगळे वखारीत गेलो. फौजदाराने चौथी गंजी उकलायचा हुकूम सोडला. हमालांनी वरचे थर ओढले, आतून वाफ आली, मग काळं पडलेलं गवत दिसलं, आत वारा शिरला आणि आमच्या डोळ्यांदेखत भडका उडाला. चौथी गंजी आम्ही पोलीस बंदोबस्तात पेटवली. मी दोन दिवस ओल्या गवताच्या मनाचा अभ्यास करत होतो. अपमान धरून ठेवणारं, एकलकोंडं गवत!

फौजदार मनाने वाईट नव्हता. त्याने त्याच जीपमधून माणसाला काठीला पोचवायला सांगितलं. मीही बसलो, तोंड लपवायला दुसरी जागा नव्हती. तो सीटवर बसेना. खाली पायांशी उकिडवा, दोन्ही हातांनी दांडी धरून, डोंगरातले खड्डे खात आला. अर्ध्या वाटेत त्याने पहिल्यांदाच मान वर केली.

“तू मला न बघता ओळखतो, पोलीस बोलले,” तो म्हणाला. “मग सांग, मन्हा पोऱ्या जगेल?”

सात कलमं लिहिली त्याच ठसक्यात ‘जगेल’ म्हणणं माझ्या जिभेवर आलं होतं.

“मला माहीत नाही,” मी म्हणालो.

त्याने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, ते परवडलं असतं.

“हे तिथं चौकीत का नाही बोलला?” त्याने विचारलं.

काठीच्या उतारावर जीप थांबायच्या आत त्याने उडी मारली आणि तो पळत सुटला. मी सीटवर बसून होतो.