काकूची कुत्री आणि मी लिहिलेली नोटीस

वराळ्यात आमची सोसायटी जिथं उभी आहे ती आमचीच जमीन होती. बिल्डरला दिली, बदल्यात आम्हाला दोन फ्लॅट मिळाले. एक आम्हाला, एक काकूला. काकू म्हणजे माझी चुलती, एकटीच असते. शेत गेलं, गोठा गेला, पण शेतावरची कुत्री कुठं जाणार? बांधकाम चालू होतं तेव्हा ती वाळूच्या ढिगावर झोपायची. बिल्डिंग उभी राहिल्यावर पार्किंगमध्ये झोपायला लागली.

तीन होती. तांबडा, काळा आणि पांढऱ्या पायांची एक लहान कुत्री. काकू रोज संध्याकाळी सहाला गेटजवळ ताकात भाकरी कुस्करून घालायची आणि जिभेनं टाळ्याला टक-टक असा आवाज काढायची. शेतावरही हाच आवाज होता. लहानपणी मीही शिकले होते.

लोकांना त्रास व्हायचा, हे मी नाकारत नाही. भांडी तशीच पडायची, माश्या बसायच्या. आमच्या वरच्या मजल्यावरचा सहा वर्षांचा मुलगा एकदा काळ्याला बघून पळाला आणि रॅम्पवर पडला, कपाळाला टाके पडले. त्याची आई माझ्यासमोर रडली होती. "मी रोज त्याला गेटपर्यंत कडेवर नेते हो," म्हणाली. तिची भीती खोटी नव्हती.

मी पुण्यात लॉच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरात बारावीच्या पुढं गेलेली मी पहिली. वर्गात मी फार बोलत नाही, माझं बोलणं ऐकून कुणी हसेल असं वाटतं. त्यामुळं सोसायटीचे चेअरमन एका संध्याकाळी लिफ्टपाशी थांबले आणि म्हणाले, "वकीलसाहेब, जरा कामाला लागा. कुत्र्यांची एक कडक नोटीस पाहिजे, कायदेशीर भाषेत," तेव्हा मला फार बरं वाटलं. ते एका मोठ्या कंपनीत मॅनेजर आहेत. आमच्या मजल्यावरच्या लोकांना ते एरवी मान हलवून ओळख देतात, तेवढंच.

त्याच रात्री मी नोटीस लिहिली. मैत्रिणीच्या सोसायटीची एक नोटीस मोबाईलवर फिरत होती, तिच्यावरून. "सोसायटीच्या आवारात भटक्या कुत्र्यांना खाऊ घालणे कायद्याने गुन्हा आहे. असे करणाऱ्यावर पोलीस कारवाई करण्यात येईल व कुत्री हटविण्यात येतील." कुठला कायदा, कुठलं कलम, मी शोधलं नाही. मला माहीत नाही हे चेअरमनना कळेल, याची भीती वाटली. म्हणून वाक्य आणखी जड केलं.

दुसऱ्या दिवशी ती बोर्डावर लागली. काकूला वाचता येतं, पण छापील बारीक अक्षर तिला लागत नाही. तिनं मला जिन्यातच थांबवलं.

"आगं, त्या कागदावर काय लिवलंय? वॉचमन म्हंतो तुमच्यासाठीच हाय."

मी तिच्याबरोबर खाली गेले आणि माझीच नोटीस तिला वाचून दाखवली. मी लिहिली आहे हे सांगितलं नाही.

"म्हंजी भाकरी घालायची न्हाई?"

"कायदा तसं म्हणतोय काकू."

"तू शिकतीस तोच कायदा?"

"हो."

ती जिन्याकडं वळली. मग म्हणाली, "मंग ऱ्हाऊ दे. तुला कालेजात कुनी बोलाया नको, की हिची चुलतीच कायदा मोडती."

त्या संध्याकाळपासून भाकरी बंद झाली. कुत्री दोन दिवस सहाला गेटपाशी येऊन बसली. मग ती जिने चढून काकूच्या दारापर्यंत यायला लागली, कचऱ्याच्या पिशव्या फाडायला लागली. रात्री भुंकणं वाढलं. वरच्या मजल्यावरच्या ज्या आईसाठी मी हे केलं असं मनाला सांगत होते, तिच्याच दारासमोर काळा झोपलेला सापडला.

त्या आठवड्यात एक गाडी आली. नसबंदीचं काम करणाऱ्या संस्थेची. काकूनं महिनाभर फोन करून ती बोलावली होती, हे मला तेव्हा कळलं. तांबडा आणि काळ्याची नसबंदी आणि रेबीजची लस तिनं आधीच्या वर्षी याच लोकांकडून करून घेतली होती. दोघांच्या कानाचं टोक कापलेलं होतं, ती त्याची खूण. राहिली होती ती पांढऱ्या पायांची. ती बुजरी होती, फक्त खाण्याच्या वेळी जवळ यायची.

गाडीवरच्या माणसाच्या हातात जाळी होती. सहा वाजून गेले, ती आलीच नाही. तो काकूवर वैतागला. "मावशी, मी सांगितलं होतं ना, रोज त्याच जागी, त्याच वेळेला घाला म्हणून? खाणं थांबलं की कुत्रं पांगतं. मग मी धरू कुठून? तुम्हीच म्हणता ती माजावर आलीय, महिना-दोन महिन्यांत पोटुशी दिसेल."

"कायदा झालाय म्हनं, घालायचं न्हाई," काकू म्हणाली.

त्यानं बोर्ड वाचला आणि हसला. "हे कोणत्या शहाण्यानं लिहिलंय? नियम उलटा आहे. खायला घालायची जागा सोसायटीनंच ठरवून द्यायची असते. आणि कान कापलेलं कुत्रं उचलून दुसरीकडं सोडता येत नाही. जिथून नेलं तिथंच आणून सोडायचं, आम्हालासुद्धा."

मी तिथंच उभी होते. मान खाली घालून वर आले.

त्या रात्री मी नियम पहिल्यांदा वाचले. केंद्र सरकारचे प्राण्यांच्या जन्मनियंत्रणाचे नियम. त्या माणसाचं म्हणणं बरोबर होतं. लहान मुलं खेळतात ती जागा, येण्याजाण्याचं तोंड, जिने, हे सोडून खाण्याची जागा ठरवायची. मुलं आणि वयस्कर लोक कमी फिरतात अशी वेळ ठरवायची. घालणाऱ्यानं जागा स्वच्छ ठेवायची. वाद झाला तर पशुवैद्यकीय अधिकारी, पोलीस, संस्थेचा माणूस, तक्रारदार आणि सोसायटी यांच्या समितीसमोर जायचं. सुप्रीम कोर्टाचा अलीकडचा आदेशही वाचला. खायला रस्त्यावर कुठंही नको, ठरवलेल्या जागीच, आणि पिसाळलेलं किंवा अंगावर धावून जाणारं कुत्रं परत सोडायचं नाही, हे त्यात होतं. म्हणजे वरच्या मजल्यावरच्या आईचंही त्यात होतं. गेटजवळ घालणं चूकच होतं. सगळ्यांचं सगळं त्यात होतं, मी वाचलं नव्हतं एवढंच.

मी नियमांची फाईल चेअरमनना मोबाईलवर पाठवली. "सर, एकदा बघावे." बस्स. माझी चूक झाली असं लिहिलं नाही. त्यांनी अंगठा पाठवला.

रविवारी सकाळी कुत्री उचलायला चेअरमननी बोलावलेला टेम्पो आला. काकू दोन दिवसांसाठी कामशेतला भावाकडं लावणीला गेली होती. ते त्यांना माहीत होतं की नाही, मी विचारलं नाही. मी नियमांची प्रिंट घेऊन खाली गेले. खरंच सांगायला गेले होते. खाली आठ-दहा लोक जमले होते. टेम्पोवाल्याचे दोघं पोतं घेऊन कुत्र्यांमागं पळत होते आणि कुत्री गाड्यांखाली घुसत होती.

"सर, ते मी पाठवलेलं..."

"बेटा, कायदा नंतर. आता हे बघ ना, हातीच लागत नाहीत. तुमचीच कुत्री ना ही? तू बोलवलंस तर येतील."

"अहो, हिच्या काकूच्या एका आवाजावर येतात," कुणीतरी म्हणालं. "काढ गं तो आवाज. गावाकडची कला दाखव जरा."

सगळे हसले. त्या हसण्यात मी त्यांच्यातली नव्हते, आणि मला त्यांच्यातलं व्हायचं होतं. याच्याहून चांगलं कारण माझ्याकडं नाही. मी टाळ्याला जीभ लावली आणि तो आवाज काढला.

तांबडा लगेच आला, शेपूट हलवत. मागून काळा. दोघं माझ्या पायाशी उभे राहिले. कान कापलेले, माणसाळलेले, ज्यांना हलवता येत नव्हतं नेमके तेच. पांढऱ्या पायांची भिंतीवरून उडी मारून निघून गेली. जिला धरायला हवं होतं ती सुटली. दोघांना पोत्यात घालून टेम्पो गेला तेव्हा प्रिंट माझ्या हातातच होती, घामानं ओली.

काकू सोमवारी आली. मी तिला सगळं सांगितलं. नोटिशीपासून. ती दारातच उभी होती, पिशवीसुद्धा खाली ठेवली नाही.

"मला वाटलं कायदा हाय," ती म्हणाली. मग विचारलं, "तू आवाज काढलास?"

"हो."

"कुटं सोडली, ते इचार जा."

टेम्पोवाल्यानं पवनेकडच्या रस्त्याचं नाव सांगितलं. आम्ही दोघी रिक्षा करून गेलो. घाटाच्या अलीकडं भाजलेल्या कणसांची एक गाडी होती. तिथल्या बाईनं काळ्याला दोरीनं बांधून ठेवलं होतं. "गाडीखाली जाईल म्हनून बांदला," ती म्हणाली. "दुसरं तांबडं व्हतं, ते रस्त्याकडं तोंड करून बसलं व्हतं कालपातुर. आज दिसलं न्हाई." आम्ही अंधार पडेपर्यंत हाका मारल्या. हाका काकूनं मारल्या. मला तो आवाज काढायची हिंमत झाली नाही. तांबडा सापडला नाही, काळ्याला तेवढं घेऊन आलो. पुढचे दोन शनिवार मी एकटी जाऊन आले, तरी नाही.

मग मी काकूच्या नावानं अर्ज लिहिला. अशी समिती नेमायची असते हे ग्रामपंचायतीत कुणालाच माहीत नव्हतं. ग्रामसेवकांनी पशुवैद्यकीय दवाखान्यात पाठवलं, तिथल्या डॉक्टरांनी पोलीस चौकीत फोन केला. चार हेलपाटे झाले. शेवटी डॉक्टर, एक हवालदार आणि गाडीवरचा तो माणूस सोसायटीच्या ऑफिसात बसले. चेअरमन आले, वरच्या मजल्यावरची आईही आली. जागा ठरली मागच्या भिंतीजवळ, बोअरच्या पलीकडं. सकाळी स्कूलबस यायच्या आधी आणि संध्याकाळी मुलं घरात गेल्यावर. भांडी काकूनं उचलायची. ती आई म्हणाली, "तेवढं झालं तरी पुरे." काकू म्हणाली, "व्हय, पोराला भ्या वाटतं, मी गेटला न्हाई घालनार." दोघींना इतकंच हवं होतं. याला पहिल्या दिवशी एक तासही लागला नसता.

हवालदारांनी जुनी नोटीस हातात घेतली. "ही कुणी लिहिली?"

चेअरमन माझ्याकडं बघायला लागले. काकू पटकन म्हणाली, "सोसायटीची हाय."

"मी लिहिली," मी म्हणाले. "नियम न वाचता. आणि कुत्री टेम्पोत जावीत म्हणून हाकही मीच मारली."

"लहान आहे ती," चेअरमन म्हणाले. मी एकवीस वर्षांची आहे. हवालदारांनी लिहून घेतलं आणि माझी सही घेतली. कुत्री परस्पर हलवल्याबद्दल चेअरमन आणि टेम्पोवाल्याला लेखी समज दिली.

पांढऱ्या पायांची जनरेटरच्या खोलीमागं व्यायली. पाच पिल्लं. ती दूध पितात तोवर आईला उचलता येत नाही, त्यामुळं गाडी नंतर येणार आहे. काकू माझ्याशी बोलते, पण आधीसारखं नाही. गेल्या आठवड्यात तिला ताप होता, म्हणून भाकरी घेऊन मी गेले. कुत्री पिल्लांपासून उठून आली. काळा भिंतीच्या टोकाला उभा होता. मी ताटली ठेवली, हळूच तो आवाज काढला. काळा दोन पावलं मागं सरकून बसला. मी बोअरच्या अलीकडं आले, तरी बसून राहिला. मी जिन्यापर्यंत गेल्यावर मग उठला आणि खायला लागला.