बाईंचा पगार कुठे धरलाय?

फळ्याकडे तोंड करून लिहीत असल्या तरी शेवटच्या बाकावर कोण कुजबुजतंय हे बाईंना कळायचं. बावीस वर्षं शाळेत गणित शिकवल्यावर एवढं तर कुणालाही जमेल, असं त्या म्हणायच्या. पण हे खरं नाही. त्यांच्या शाळेत तीस वर्षं शिकवूनही पुढच्या बाकावरचंही ऐकू न येणारे गुरुजी होते.

दिवसभर शाळा आणि तितकीच वर्षं संध्याकाळी घरी क्लास. बाहेरच्या खोलीतला सोफा भिंतीला सरकवायचा, सतरंजी अंथरायची आणि नववी-दहावीची अठरा मुलं दाटीवाटीनं बसवायची. एकोणिसावं मूल आलं की बाई हात जोडायच्या. जागा नव्हती हे एक कारण. दुसरं म्हणजे प्रत्येकाची वही स्वतः बघितल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. उत्तर बरोबर असलं तरी मधली पायरी गाळली असेल तर लाल गोल. त्या गोलाला मुलं टरकून असायची आणि पालक मात्र त्यासाठीच मुलांना पाठवायचे. फी महिन्याला पंधराशे. वर्षाची फी बारा हप्त्यांत, म्हणजे सुट्टीतही हप्ता सुरूच.

क्लास चालू असताना बाईंचे यजमान स्वयंपाकघरात अडकून पडत. ते एका कारखान्यात स्टोअरकीपर होते. नोंद केल्याशिवाय साधा स्क्रूही कुणाला दिला नाही, हे ते नव्या पाहुण्याला पहिल्या दहा मिनिटांत सांगत. गेल्या वर्षी निवृत्त झाले, फंडाचे पैसे बँकेत पडले आणि तेव्हापासून त्या पैशांना कुठे कामाला लावावं या विचारानं त्यांना झोप येईना. आपण रिकामे बसलो तर चालेल, पैसे रिकामे बसता कामा नयेत.

अशात चौकातल्या औषधवाल्यांच्या दुकानावरचा मजला रिकामा झाला. एक मोठा हॉल, दोन पंखे आधीच लावलेले, जिना बाहेरून. यजमान तो बघून आले ते घरी येताना अर्धे संस्थाचालक होऊनच.

"अगं, किती दिवस सतरंज्या झटकणार? शाळा सोड. मोठा क्लास काढू. पाटी लावू."

चिरंजीव एका कंपनीत हिशेब बघायचे. त्यांनी दोन संध्याकाळी बसून लॅपटॉपवर योजना तयार केली आणि आईवडिलांना जेवणाच्या टेबलाशी बसवून दाखवली. मुलगा हुशार होता, यात वाद नाही. हॉलमध्ये तीस जागा, संध्याकाळी दोन बॅचेस, म्हणजे साठ मुलं. दर महिन्याचा ठरलेला खर्च असा: भाडं तीस हजार, वीज आणि इंटरनेट सहा हजार, झाडलोट करायला आणि बाकं लावायला मदतनीस दहा हजार, बाकं-फळे-रंगकाम यांचा खर्च तीन वर्षांवर पसरून आठ हजार. एकूण चोपन्न हजार. एक मूल आलं काय आणि साठ आली काय, हे चोपन्न जाणारच. शिवाय प्रत्येक मुलामागे सराव पत्रिका आणि छपाई यांचे दीडशे.

"म्हणजे एका मुलामागे आपल्या हातात राहतात साडेतेराशे," चिरंजीव म्हणाले. "चोपन्न हजार भागिले साडेतेराशे, चाळीस. चाळीस मुलं झाली की खर्च भरून निघाला. साठपैकी चाळीस, दोन तृतीयांश जागा. आई, तुझ्या नावावर एवढी मुलं पहिल्या महिन्यात येतील. पूर्ण साठ भरली तर महिन्याला सत्तावीस हजार नफा."

बाईंनी भागाकार मनातल्या मनात तपासला. बरोबर होता. पायऱ्याही सगळ्या दिसत होत्या. तरी काहीतरी टोचत होतं, पण काय ते सापडेना. यजमानांचा फुललेला चेहरा बघून त्या गप्प राहिल्या. औषधवाल्यांना रविवारी उत्तर द्यायचं ठरलं. होय म्हटलं की सहा महिन्यांचं भाडं अनामत, म्हणजे फंडातून एक लाख ऐंशी हजार मोजायचे आणि त्याच आठवड्यात बाईंनी शाळेत राजीनामा द्यायचा. शाळेचा पगार अठ्ठावीस हजार होता. राजीनामा एकदा दिला की परत घेता येत नाही. बाईंची जागा मिळावी म्हणून तिघं जण टपलेलेच होते.

सोमवारी बाईंचा आवाज बसला. आधी घोगरा झाला, मग फुटेनासाच झाला. डॉक्टरांनी घशात बॅटरी मारून बघितलं आणि आठवडाभर एक शब्दही बोलायचा नाही म्हणून तंबी दिली. शाळेत रजा टाकता आली. क्लासचं काय? परीक्षा तोंडावर आली होती. बाईंची एक जुनी विद्यार्थिनी दुसऱ्या एका क्लासमध्ये शिकवायची. तिला निरोप धाडला. ती मंगळवारपासून पाचही दिवस आली आणि तिनं चांगलं शिकवलं. बाई कोपऱ्यात खुर्चीवर बसून वह्या तपासत राहिल्या. मधूनच ओठ हलायचे, आवाज निघायचा नाही. मुलांना ही गंमत इतकी आवडली की त्या आठवड्यात एकही जण गैरहजर राहिला नाही.

शनिवारी ती निघताना यजमानांनी मोठ्या मनानं विचारलं, "काय द्यायचं गं तुला?"

"काका, बाईंकडून कसं घेऊ..." असं म्हणत ती घुटमळली. मग जरा चाचरत म्हणाली, "तिकडे मला एका बॅचचे पाचशे मिळतात."

यजमानांनी अडीच हजार मोजून दिले. पाकीट खिशात ठेवताना त्यांच्या कपाळावर आठी होती. "दीड तास बोलायचे पाचशे!" ते दार लावल्यावर पुटपुटले.

बाईंनी ते ऐकलं. त्या उठल्या, खडू घेतला आणि घरच्या फळ्यावर लिहायला लागल्या. चिरंजीव ऑफिसातून येऊन बूट काढत होते, ते तसेच एक बूट हातात घेऊन बघत राहिले.

बाईंनी आधी मुलाच्या योजनेतले चारही खर्च लिहिले. त्यांखाली नवी ओळ घातली: शिक्षक. पाचशे गुणिले दोन बॅचेस गुणिले सव्वीस दिवस. सव्वीस हजार. एकूण ऐंशी हजार. भागिले साडेतेराशे. उत्तर एकोणसाठच्या वर जात होतं, आणि मूल काही पाव येत नाही. त्यांनी साठ लिहिलं आणि त्याला लाल खडूनं गोल केला.

"म्हणजे सगळ्याच्या सगळ्या जागा?" यजमान म्हणाले. "एक पोरगं आजारी पडून गळालं तर तोटा?"

"अगं आई, पण तुझा पगार कशाला धरायचा?" चिरंजीव म्हणाले. "नफा होईल तो तुझाच आहे ना!"

बाईंनी त्याच्याकडे बघितलं. पोटचा मुलगा, आणि खरंच त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. त्याचंच वाईट वाटलं. त्यांनी फळ्यावर लिहिलं: चाळीस मुलं असतील तर नफा शून्य. म्हणजे माझा पगार शून्य. पन्नास असतील तर साडेतेरा हजार, शाळेच्या निम्माही नाही. साठ असतील तर सत्तावीस.

मग खडू थांबला. बाईंनाच काहीतरी दिसलं होतं. त्यांनी बाजूला घरच्या क्लासचा हिशेब मांडला. भाडं नाही. अनामत नाही. बाकं नाहीत. अठरा गुणिले साडेतेराशे, चोवीस हजार तीनशे. दोन बॅचेस घेतल्या तर अठ्ठेचाळीस हजार सहाशे. औषधवाल्यांच्या मजल्यावर साठ मुलांपुढे घसा फोडून जे मिळणार होतं, तेवढं घरात वीसच मुलांत मिळत होतं.

यजमान खुर्चीत बसले. त्यांच्या फंडाची, पाटीची, जिन्याची सगळी स्वप्नं त्या दोन ओळींत आटोपली होती आणि त्यांना ते मनापासून लागलं. "पाटीचा रंगसुद्धा ठरवला होता मी," ते म्हणाले. बाईंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. हाताचा खडू त्यांच्या सदऱ्याला लागला.

चिरंजीव अजून फळ्याकडे बघत होते. "मी मदतनिसाचे दहा हजार धरले," ते हळूच म्हणाले, "आणि तुला विसरलो."

रविवारी बाईंचा आवाज थोडा परत आला होता. त्या स्वतःच औषधवाल्यांकडे गेल्या. भाडं वीस हजारांवर आणता का, म्हणून विचारलं. ते हसले. वर व्यायामशाळा काढायला एक जण पस्तीस द्यायला तयार आहे, केवळ शेजारधर्म म्हणून तुम्हाला आधी विचारलं, असं म्हणाले. बाईंनी आभार मानले आणि घशाच्या गोळ्यांची पट्टी विकत घेऊन परतल्या. वाटेत त्यांना वाईट वाटलं. हॉल छान होता, उजेड भरपूर होता आणि बाकांवर बसलेली मुलं त्यांनीही मनात बघून ठेवली होती. ते नाही कशाला म्हणायचं?

पण शाळा मात्र त्यांनी सोडली, वर्ष संपल्यावर. दोन नोकऱ्या आणि एक घसा हे जमणार नव्हतं, एवढं त्या आठवड्यानं शिकवलं होतं. घरी दुसरी बॅच सुरू करायचं ठरलं. दोन्ही बॅचेस मिळून छत्तीस मुलं. दोन बॅचेसच्या मध्ये पंधरा मिनिटं: सतरंजी झटकायची, खोडरबराचा चुरा झाडायचा, फळा पुसायचा, कुणाची तरी विसरलेली कंपासपेटी शोधून ठेवायची, आणि दुसऱ्या बॅचनंतर सोफा पुन्हा जागेवर आणायचा.

"हे सगळं कोण करणार?" बाईंनी विचारलं.

"मी आहे ना," यजमान म्हणाले. स्वयंपाकघरात कोंडून घेण्यापेक्षा ते बरं, असा त्यांचा हिशेब असावा.

पहिल्या दिवशी दुसरी बॅच सुटली. बाई वह्यांचा गठ्ठा घेऊन टेबलाशी बसल्या. यजमानांनी सतरंजी गॅलरीत नेऊन झटकली, नाकातोंडात धूळ गेली म्हणून चार वेळा शिंकले, फळा पुसला, वाकून झाडलं, सोफा ढकलला. सोफ्याचा एक पाय फरशीच्या फटीत अडकला. तो निघाला तेव्हा त्यांच्या कंबरेतून कळ आली. ते केरसुणीला धरूनच उभे राहिले.

"अगं, दहा हजारांत हे काही परवडणारं नाही," ते धापा टाकत म्हणाले.

बाईंनी हातातली वही संपवली, शेवटच्या पायरीखाली सही केली आणि मान वर केली.

"मी बावीस वर्षं फुकट केलंय, अहो."

हे त्या रागानं म्हणाल्या नाहीत. पण आवाज अजून पुरता सुधारला नव्हता, त्यामुळे तो मध्येच फाटला आणि यजमानांना वाटलं, ही रडतेय. कोपऱ्यात राहिलेला केर त्यांनी पुन्हा वाकून गोळा केला, सुपलीत भरला आणि बाहेर टाकून आले. मग हात धुऊन समोर येऊन बसले आणि न तपासलेल्या वह्यांचा अर्धा गठ्ठा त्यांनी आपल्याकडे ओढला.

"मला गणितातलं काही कळत नाही," ते म्हणाले, "पण पायरी गाळलीय का तेवढं बघता येईल."