निमंत्रणातला 'बी'

शेवगावकडच्या त्या गावात पुष्पावतीचं अक्षर सगळ्यांच्या ओळखीचं. लग्नाची याद असो की सत्यनारायणाचं बोलावणं, बाया म्हणायच्या, "पुष्पाकाकू, तुमच्या हातचं लिवा." मग ती देवापुढं हात जोडून वर 'श्री' काढायची आणि लिहायला बसायची.

बहात्तरच्या दुष्काळात गावाच्या वाटेवर रस्त्याचं सरकारी काम निघालं. खडी फोडायला ती गेली आणि तिथं तिला तीन मैत्रिणी मिळाल्या. डाव्या हाताला हमीदाबी, उजव्या हाताला बौद्धवाड्यातली बनुबाई, तिच्यापलीकडं चर्चमध्ये जाणारी मार्थाबाई. चौघींच्या भाकरी एकाच फडक्यावर उघडायच्या. पुढच्या साली पाऊस झाला, बाजरी घरात आली. तेव्हा बायांनी ठरवलं, कामावरच्या सगळ्या घरांनी एकदा जमायचं, आपापल्या रीतीनं आभार मानायचे आणि जेवायचं. निमंत्रण अर्थात पुष्पावतीनं लिहायचं.

तिनं जीव ओतून लिहिलं. 'श्री. भैरवनाथाच्या कृपेने दुष्काळ सरला. त्यानिमित्त देवळात प्रार्थना व महाप्रसाद आहे. मुस्लिम, ख्रिस्ती व बौद्ध भगिनींनाही आपुलकीने सामावून घेण्यात येत आहे.' 'सामावून' हा शब्द सुचला तेव्हा तर तिला स्वतःचंच कौतुक वाटलं होतं.

ओट्यावर तिनं तो कागद तिघींना वाचून दाखवला. हमीदाबी पदर सावरत उठली. "चुलीवर दूध हाय," म्हणाली आणि गेली. तिची शेळी महिन्यापूर्वीच आटली होती, हे पुष्पावतीला ठाऊक होतं.

"काय चुकलं गं?" तिनं बनुबाईला विचारलं.

"काय न्हाई. फकस्त आमाला देवळाच्या कोन्त्या पायरीवर सामावनार, तेवढं लिव."

मार्थाबाई हसू दाबत म्हणाली, "आणि पुष्पाताई, प्रसाद म्हटलं की आमच्यातले काही जेवायचे नाहीत. नुसतं जेवण म्हणा, दोन भाकरी जास्त खातील."

पुष्पावतीचा चेहरा उतरला. इतकी माया लावून लिहिलं, आणि माणसं दुखावलीच. हमीदा येणार नसेल, तर जमायचं तरी कशाला? कागद घेऊन ती तडक तिच्या घरी गेली. मागोमाग त्या दोघी.

हमीदाबी खरोखरच चुलीपुढं होती. चुलीवर काही नव्हतं.

"दूध उतू गेलं का?" बनुबाईनं विचारलं, आणि हमीदाबीला हसू आवरेना.

"बोल आता," पुष्पावती म्हणाली.

"भगिनींनाही म्हंजे काय? तुमीबी या, आसंच ना? लेकीला आपन 'ये' म्हनतो. 'तूबी ये' कुनाला म्हनतो? दारावरनं चाललेल्याला. खडीवर आपन वळीनं बसलो हुतो. मंग घरवाली तू आन् पाव्हनी मी, हे कवा झालं?" मग तीच पुढं म्हणाली, "माज्या नावात 'बी' हाय तेवढा पुरं. निमंत्रनात नगं."

पुष्पावती तिथंच बसली. पाटी मागवली आणि नव्यानं सुरुवात केली. जागा देवळाऐवजी नव्या रस्त्यावरच्या लिंबाखाली. वार शुक्रवार नको, नमाजाचा. रविवार नको, मार्थाबाईच्या उपासनेचा. पौर्णिमेला बनुबाई विहारात. एकादशीला पुष्पावतीचा उपास. बुधवार ठरला, दुपारच्या नमाजानंतरचा आणि दिवाबत्तीच्या आधीचा, म्हणजे कुणाचंच काही आड येणार नाही.

"कृपेनं काढ," बनुबाई म्हणाली. "आमी तसं मानत न्हाई. आमच्यात वंदना आसती."

"मग वरचा 'श्री'?" पुष्पावतीनं विचारलं. 'श्री'शिवाय तिनं आजवर कोरा कागद सुरू केला नव्हता.

"तो कशाला पुसतीस? तुज्या वळीवर तू लिव. आमच्या वळीवर आमचं लिव."

तसंच झालं. 'आम्ही खडी फोडणाऱ्या बाया बोलावतो,' हे सगळ्यात वर. खाली प्रत्येकीची ओळ, तिच्याच शब्दांत: सलाम आणि दुआ, श्री आणि भजन, जय भीम आणि वंदना, जय ख्रिस्त आणि गीत. आधी कोण, नंतर कोण, हा वाद निघालाच नाही. खडीवर बसायच्या त्याच क्रमानं ओळी आल्या. शेवटी, 'पिठलं-भाकरी आहे. या.'

बुधवारी लिंबाखाली जागा पुरेना. दुआ झाली, टाळ वाजले, वंदना झाली, आणि मार्थाबाईच्या गीताला पुष्पावतीनंच टाळ धरला. पंगत बसली तेव्हा रस्त्यानं सायकलवरून रंगनाथ मुकादम आले. वर्षभर याच लिंबाच्या सावलीत बसून त्यांनी बायांना उन्हात दटावलं होतं. घुटमळत म्हणाले, "आमाला कुनी बोलावलंच न्हाई."

चौघींनी एकमेकींकडं पाहिलं.

"मुकादम," हमीदाबी म्हणाली, "तुमीबी या."

पंगतभर हसू फुटलं. मुकादमांना काही कळलं नाही, पण पुष्पावतीनं सरकून जागा केली आणि भाकरी वाढली. ते बसले, तिच्या आणि हमीदाबीच्या मधे, वळीनं.